एफच्या चौकोनातला आकडा

माझी शाळा चौथीपर्यंत झाली. पुढं धर्माबादच्या मोंढ्यात मी मापाडी म्हणून उभा राहिलो ते थेट गुडघे दुखेपर्यंत. मिरचीच्या हंगामात डोळ्यांतून पाणी वाहत असायचं, पण काट्यावरची नजर कधी हलली नाही. आडते, शेतकरी, हमाल, कोणीही माझ्या मापाला नाव ठेवलं नाही. कोणी ठेवलं असतं तर मी त्याच्याशी भांडलो असतो. हे सांगायचं कारण असं की, पुढं जी चूक झाली ती मला आकडे येत नव्हते म्हणून झाली नाही. आकडे येतात या घमेंडीमुळं झाली.

आमचं गाव धर्माबादपासून बसनं अर्ध्या तासावर. गावाकडच्या रानात सात वर्षांपूर्वी मी बोअर घेतला. चारशे फुटांवर लागलेलं पाणी अजून टिकून होतं. दुष्काळात गावातल्या विहिरी, हापसे सगळे कोरडे पडले, तेव्हा तहसीलनं माझा बोअर अधिग्रहित केला. म्हणजे मालक मीच, पण पाणी साऱ्या गावाचं. त्याचं भाडं मिळतं. मी घेतलं नाही. तलाठ्याला म्हणालो, पाणी विकायचं असतं तर मी किराणा दुकान टाकलं असतं. वीज यायच्या आधीच बाया-माणसं घागरी घेऊन रांगेत बसायची. नवा जिल्हा होणार, मग ऑफिस जवळ येईल, मग पाइपलाइन येईल, अशा गप्पा चालायच्या. मी स्टार्टरपाशी खाट टाकून ऐकत बसायचो. कोणता जिल्हा होवो न होवो, पाणी माझ्या बोअरचं होतं.

माझी लेक लातूरला दिली. लातूर नवा जिल्हा झाला त्याच साली ती जन्मली. त्या उन्हाळ्यात लातूरला पाणी रेल्वेनं आणायची पाळी आली. लेक फोनवर सांगायची की धुणं आठवड्यातून एकदा आणि आंघोळ तांब्याभर पाण्यात चाललीय. मी म्हणालो, पोरीला माझ्याकडं पाठव. तिची पोरगी दहावीत जाणार होती. मी स्वतः जाऊन तिला घेऊन आलो, नांदेडपर्यंत एसटीनं आणि पुढं रेल्वेनं. गाडीत समोरच्या माणसाला मी दोनदा सांगितलं की लातूरची पोरं आता आमच्याकडं पाणी प्यायला येतात.

महिनाभर ती राहिली. तिनं आणि माझ्या मुलाच्या धाकटीनं मिळून घर डोक्यावर घेतलं होतं. धाकटी सात वर्षांची. मुलगा निजामाबादला कामाला, घरी सूनबाई आणि मी. धाकटीचे पुढचे दोन दात पडून नवे आले होते. त्या नव्या दातांवर खडूच्या रेघा ओढल्यासारखे पांढरे पट्टे होते आणि एका ठिकाणी पिवळट डाग. सूनबाई तिला दात घासत नाही म्हणून बोलायची. मी लक्ष दिलं नव्हतं.

एके सकाळी पंचायतीचा जलसुरक्षक आला. पाण्याचे नमुने बाटलीत भरून तपासणीला न्यायचं त्याचं काम. अधिग्रहण झाल्यावर त्यानं माझ्या बोअरचंही पाणी नेलं होतं. त्यानं मला रांगेपासून बाजूला घेतलं, हातात एक कागद दिला आणि हळूच म्हणाला, “आबा, तुमच्या पाण्यात एफ जास्त निघाला. दीडच्या वर चालत न्हाई. पंचायतीत कागद लावायच्या आधी तुम्हाला सांगून राहिलो.”

मी विचारलं, एफ म्हणजे काय. तो म्हणाला, ते रसायन असतं, दात आणि हाडं खराब करतं, वस्तीच्या हापशाला लाल रंग दिला होता तो ह्याच एफमुळं. आणि गाडीला किक मारून गेला.

वस्तीच्या हापशाची गोष्ट मला माहीत होती. बौद्ध वस्तीतल्या हापशाला बऱ्याच वर्षांपूर्वी सरकारी माणसं लाल रंग देऊन गेली होती. हे पाणी पिऊ नका, अशी खूण. मी तेव्हा चारचौघांत म्हणालो होतो, रंगाचा डबा उरला असंल, कुठंतरी संपवला. तरी ती माणसं दुसरं पाणी नाही म्हणून कितीतरी वर्षं तेच प्याली. मग माझा बोअर झाला आणि ती रांगेत येऊन उभी राहिली.

कागद इंग्रजीत होता. आकडे मला वाचता येत होते, पण कोणता आकडा कशाचा हे कळेना. एकाखाली एक दहा-बारा ओळी, प्रत्येकीपुढं तीन-तीन आकडे. मी तो घडी करून बंडीच्या आतल्या खिशात घातला. धाकटी तिथंच नळीखाली ओंजळ धरून पीत होती. पिऊन तिनं माझ्याकडं बघून दात दाखवले. ते पट्टे मी पहिल्यांदा नीट बघितले.

घरी आल्यावर लातूरची नात पुस्तक घेऊन बसली होती. कागद काढून तिच्यापुढं ठेवायला पाहिजे होता. मी ठेवला नाही. माझ्या बोअरचं पाणी खराब, हे पोरीला कसं सांगायचं? तिला मीच आणलं होतं. मी नुसतं सहज विचारल्यासारखं विचारलं, तुमच्या पुस्तकात एफ म्हणून काही असतं का.

ती म्हणाली, असतं की, फ्लोरिन. तिच्या लातूरच्या शिकवणीत भिंतीवर मूलद्रव्यांचा मोठा तक्ता होता. आवर्तसारणी म्हणतात त्याला. अख्ख्या तक्त्याचा फोटो काढला तर अक्षरं दिसत नव्हती, म्हणून पहिल्या वीस मूलद्रव्यांच्या एकेका चौकोनाचे तिनं वेगळे फोटो काढले होते. ते बघून ती पाठ करायची. तिनं एफचा फोटो काढून मोबाइल माझ्या हातात दिला. एक चौकोन. वर नऊ. मधे मोठा एफ. खाली 18.998.

“हे खालचं काय?”

“वस्तुमान, आबा.”

“म्हंजे?”

“म्हंजे वजन.”

दीडच्या वर चालत नाही आणि इथं वजन एकोणीस. अर्धा पाव इकडंतिकडं नाही, बारापट. आयुष्यभर मी वजनावर विश्वास ठेवला. माणूस खोटं बोलंल, काटा बोलत नाही. मी तिला विचारलं, हे सगळीकडं एवढंच असतं का. ती म्हणाली, हो, बदलत नाही. मला त्यात आणखीच भीती वाटली. बदलत नाही म्हणजे कमीही होणार नाही.

माझं तोंड बघून ती मागं लागली. शेवटी मी अर्धं सांगितलं. बोअरमध्ये एफ निघालाय आणि दीडच्या वर चालत नाही, एवढंच. कागद दाखवला नाही. तिनं फोटोकडं बघितलं, मग माझ्याकडं. पाठ होतं तिला सगळं, पण ते काय आहे हे तिलाही पक्कं माहीत नव्हतं. ती हळू आवाजात म्हणाली, “आबा, मी महिनाभर तेच पिले.”

त्या दुपारी मी स्टार्टरचे फ्यूज काढून खिशात घातले आणि रांगेला सांगितलं, मोटार जळाली.

सत्तरीच्या माणसानं साऱ्या गावाला सांगितलेलं ते खोटं. खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? लोकांनी मला मारलं नसतं. पण सात वर्षं मी ज्याला त्याला गोड पाणी, गोड पाणी म्हणून सांगितलं होतं. जीभ वळली नाही. दोन दिवसांत टँकर मागवू, मोटार दुरुस्तीला गेली म्हणू, असा काहीतरी विचार होता. नीट विचार नव्हताच. डोक्यात एकच आकडा फिरत होता. धाकटी हसली की मी दुसरीकडं बघायचो.

लोक माझ्या मनाप्रमाणं टँकरची वाट बघत बसले नाहीत. तहानलेला माणूस बसत नाही. गावाबाहेर जुनी बारव आहे, तिच्या तळाला हिरवा गाळ आणि ढोपरभर पाणी होतं. बायांनी ते फडक्यानं गाळून न्यायला सुरुवात केली. सूनबाईनंही आणलं. तिनं मला विचारलं की, मिस्त्रीला कधी बोलावता, मी माझ्या भावाला फोन करते, तो जळालेल्या मोटारी भरून देतो. मी तिच्यावर खेकसलो. तिसऱ्या दिवशी वस्तीतली दोन लेकरं जुलाब-उलट्यांनी पडली आणि त्यांना दवाखान्यात नेलं. ती बातमी ऐकली तेव्हा मी जेवत होतो. एका पाण्यापासून वाचवायला गेलो आणि दुसऱ्यात ढकललं.

नातीनं ताट उचललं आणि म्हणाली, “आबा, मी धर्माबादच्या मॅडमकडं चालले. तुम्ही या, नाहीतर नका येऊ.”

मॅडम म्हणजे आमच्याच गावच्या बौद्ध वस्तीतली मुलगी. धर्माबादच्या हायस्कूलला विज्ञान शिकवतात; नातीला त्यांचं गावातल्या पोरांकडून कळलं होतं. त्यांचे वडील माझ्या शेतात सालगडी होते. त्यांना मी लहानपणी ‘ए पोरी’ म्हणून हाक मारलेली. नातीमागं जाऊन त्यांच्या दारात उभं राहिल्यावर आता काय म्हणावं, मला सुचेना. शेवटी नुसतं “बाई” म्हणालो. सुट्टीचे दिवस, त्या घरीच होत्या. भिंतीवर बुद्धाचं आणि बाबासाहेबांचं चित्र, खाली पुस्तकांची मांडणी. त्यांनी आधी पाण्याचा तांब्या पुढं केला.

त्या घरचं पाणी मी आयुष्यात घेतलं नव्हतं. चांगुलपणाचा आव आणून सांगत नाही, घेतलं नव्हतं. पण त्या दिवशी माझा हात वेगळ्याच कारणानं थांबला. मी विचारलं, कुठलं पाणी हे. त्या तोंडावर हात धरून हसल्या. “नळाचं हाय, आबा. बोअरचं मी पीत न्हाई.” मी प्यालो.

नातीनं मोबाइल पुढं केला आणि घाईघाईनं सगळं सांगितलं. मॅडमनी फोटो मोठा करून बघितला. माझ्याकडं बघितलंच नाही, तिलाच विचारलं, “वरचा नऊ कशाचा?”

“अणुअंक.”

“ते नाव झालं. कशाचा?”

तिला येईना. मॅडम म्हणाल्या, कोणत्याही अणूच्या मधोमध केंद्र असतं आणि त्यात प्रोटॉन असतात. फ्लोरिनच्या केंद्रात नऊ. आठ असते तर तो ऑक्सिजन झाला असता, दहा असते तर निऑन. नऊ आहेत म्हणूनच तो फ्लोरिन. त्याची ओळख तीच. मधला एफ ही संज्ञा, ती साऱ्या जगात एकच, भाषा कोणती का असेना. आता खालचं.

खालचं म्हटल्यावर मी पुढं सरकलो.

खालचं अणुवस्तुमान. एका अणूचं वस्तुमान. पण ते ग्रॅममध्येही नाही आणि किलोमध्येही नाही. एवढ्या बारीक वस्तूला आपलं माप चालत नाही, म्हणून कार्बनचा एक ठरावीक अणू घेतला, त्याचे बारा सारखे भाग केले आणि एक भाग म्हणजे एक, असं माप धरलं. त्या मापानं फ्लोरिनचा एक अणू एकोणीसच्या किंचित खाली भरतो. नऊ प्रोटॉन आणि दहा न्यूट्रॉन मिळून एकोणीस. नातीनं लगेच विचारलं, मग पुरा एकोणीस का नाही. मॅडमना ते आवडलं. प्रोटॉन-न्यूट्रॉन काही बरोब्बर एकेक भरत नाहीत, आणि केंद्रात एकमेकांना बांधले गेले की थोडं वस्तुमान कमी भरतं, असं त्या म्हणाल्या. दहावीला एकोणीस धरलंस तरी चालेल.

मला यातलं निम्मं कळलं. मी म्हणालो, “बाई, पण एकोणीस वजन आलंच ना पाण्यात.”

तेव्हा त्या माझ्याकडं वळल्या.

“आबा, तुम्ही मोंढ्यात मापाडी होता. पोत्यावर चाळीस किलो लिहिलेलं असलं, तर गाडीत किती पोती हायेत ते कळतं का?”

“कसं कळंल? पोती मोजावी लागतील.”

“हे एका पोत्यावरचं लिहिलेलं हाय. गाडीचं न्हाई. हा चौकोन लातूरला असाच, इथंही असाच, अमेरिकेतही असाच. ह्याला तुमच्या बोअरचा पत्ताच माहीत न्हाई.”

चार दिवस मी पोत्यावरचा आकडा बघून गाडीचं माप लावत होतो. मोंढ्यात नव्या पोरानं असं केलं असतं तर मी त्याला काट्याजवळ उभं केलं नसतं.

“मग गाडीत किती?” मी विचारलं.

“ते तपासणीच्या कागदावर असतं. कागद दिला असंल की तुम्हाला.”

नात माझ्याकडं बघत राहिली. मी बंडीत हात घातला. घामानं कागद मऊ पडला होता. मॅडमनी तो मांडीवर सरळ केला, बोटानं एक ओळ गाठली आणि नातीला वाचायला लावली. फ्लोराईड, एका लिटरला दोन पूर्णांक चार मिलिग्रॅम. पुढच्या रकान्यात एक, त्याच्या पुढं दीड. एकाच्या आत असावं, दुसरं पाणीच नसलं तर दीडपर्यंत चालतं. मिलिग्रॅम म्हणजे ग्रॅमचा हजारावा भाग.

एकोणीस नव्हतं. क्षणभर छाती मोकळी झाली. मग लक्षात आलं की दोन पूर्णांक चार हेही दीडच्या वरच आहे. एकोणीसची भीती खोटी होती, तिच्या पोटात ही खरी बसलेली होती.

मी म्हणालो, उकळून देऊ. त्या म्हणाल्या, उकळून जात नाही, उलट पाणी आटतं आणि तेवढंच कमी पाण्यात राहतं. चवीला कळतं का, विचारलं. कळत नाही. मी सात वर्षं गोड म्हणत होतो ते पाणी खरंच गोडच लागत होतं. नातीला त्यांनी सांगितलं, तुझे दात बनून झालेत, महिन्यानं काही होत नाही, घाबरू नको. अंग धुवायला, कपड्यांना, भांड्यांना ते पाणी वापरा. प्यायला आणि स्वयंपाकाला नको. वर्षानुवर्षं प्यायलं तर हाडं धरतात. लेकरांना तर अजिबात नको.

मी विचारलं नसतं तर बरं झालं असतं, पण विचारलं. “घरी धाकटी हाय. सात वर्षांची. तिच्या दातांवर पट्टे हायेत.”

मॅडमनी बोलताना तोंडाशी धरलेला हात बाजूला केला. एवढ्या वर्षांत मी त्यांचे दात कधी धड बघितले नव्हते. पुढच्या चारही दातांवर तपकिरी रेघा होत्या, कडा झिजलेल्या. मी समजायचो मिसरी लावत असतील.

“लाल रंग द्यायच्या आधीचं पाणी हे, आबा,” त्या म्हणाल्या. “दात हिरडीत बनत असताना जे पाणी पोटात जातं, ते दातावर राहतं. घासून निघत न्हाई. तिचे जे अजून बनायचे असतील तेवढे वाचवा. आणि मोटार सुरू करा. बारवेचं पाणी ह्याच्यापेक्षा लवकर मारतं.”

मोटार जळाली नाही हे त्यांना कसं कळलं, मी विचारलं नाही. नातीनं सांगितलंही नव्हतं. बंडीच्या खिशात फ्यूज खुळखुळत होते, बहुतेक त्यावरून.

दुसऱ्या दिवशी वीज आली तेव्हा मी फ्यूज बसवले. पाणी पडायचा आवाज ऐकून माणसं धावत आली. मी खाटेवर बसलो नाही, उभा राहिलो. मोटार जळाली नव्हती, असं सांगितलं. पाण्यात फ्लोराईड आहे, किती आहे, काय वापरायचं आणि काय नाही, सगळं सांगितलं. जीभ अडखळत होती. मग वस्तीतली एक म्हातारी, जिचा नातू दवाखान्यात होता, घागर खाली ठेवून म्हणाली, “पाटील, आमच्या हापशाला रंग दिला तवा तुमाला हसू आलं होतं. आता कसं वाटून राहिलं?” तिचा नातू दोन दिवसांनी घरी आला, दुसरं लेकरूही आलं. ते आले नसते तर मी हे लिहायला बसलो नसतो.

पिण्याच्या टँकरचा अर्ज मॅडमनी लिहून दिला. पहिली सही माझी. तोवर रोज सकाळच्या बसनं मी धर्माबादच्या नळाचे दोन कॅन आणायचो. एक घरी, एक वस्तीत. कंडक्टर म्हणायचा, आबा, तुमच्याकडं तर बोअर हाय ना. मी म्हणायचो, हाय.

लातूरच्या लेकीचा फोन रविवारी यायचा. त्या रविवारी नात फोन घ्यायला आली, मी घेऊ दिला नाही. लेकीनं तब्येत विचारली, पाऊस विचारला. मी म्हणालो, ऐक. तुझ्या पोरीनं इथं महिनाभर जे पाणी पिलं त्यात फ्लोराईड आहे, एका लिटरला दोन पूर्णांक चार मिलिग्रॅम, आणि मी कागद चार दिवस लपवला. तिला काही होणार नाही, मॅडमनी सांगितलंय. धाकटीचं मात्र झालंय.

धाकटी माझ्यासमोरच उंबऱ्यावर बसली होती आणि जिभेनं पुढचा दात चाचपत ऐकत होती.

लेकीनं विचारलं, “आबा, अन् मी लहानपणी तिथं कुठलं पाणी पिले?”

तेव्हा गावात विहिरी होत्या. बहुतेक विहिरीचं. पण काही उन्हाळ्यांत तिची आई वस्तीच्या हापशावरून चोरून पाणी आणायची, हे मला माहीत होतं आणि मी कधी विचारलं नव्हतं. मी तिला म्हणालो, आरशात दात बघ. मग फोन कानाला तसाच धरून उभा राहिलो. तिकडून ती उठून चालत गेल्याचा आवाज आला, आणि मग कसलाच आला नाही.